सासरी धारोष्ण, घरी उकळलेले : लहान मुलाला दूध कसे द्यावे?

विश्रामबागची_मृणाल

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो आणि माझे सासर तासगाव तालुक्यात आहे. तिथे गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय आहे. मागच्या महिन्यात गावी गेलो असताना रविवारी सकाळी धार काढता काढता सासऱ्यांनी माझ्या चार वर्षांच्या मुलाला पेलाभर धारोष्ण दूध दिले. त्यांच्या लहानपणी घरातली सगळी मुले असेच दूध पीत असत, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. सोमवार, मंगळवार मुलगा ठणठणीत होता. बुधवारी त्याला जुलाब सुरू झाले, गुरुवारी शौचातून आव आणि रक्त पडू लागले आणि अखेरीस सलाईन लावावे लागले. आता तो पूर्ण बरा आहे.

घरात मात्र वाद मिटलेला नाही. सासऱ्यांचे म्हणणे असे की, दूध बाधले असते तर त्याच रात्री उलट्या झाल्या असत्या. शिवाय तेच दूध त्यांनी आणि दोन पुतण्यांनीही घेतले होते आणि त्यांना काहीच झाले नाही. त्यामुळे दोष मंगळवारी सांगलीत खाल्लेल्या पाणीपुरीचा आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांचा हा तर्क कितपत बरोबर आहे? आणि आमच्याकडे हरिपूरच्या बाजूने येणाऱ्या गवळ्याचे दूध असते, ते मी वर आले की लगेच गॅस बंद करते. तेवढे उकळणे पुरेसे आहे का?

चहाबाज

हा धागा वाचता वाचता माझे दूध उतू गेले, म्हणजे ते पुरेसे उकळले असे मी समजतो. ओट्याचे काय करायचे ते कोणी तरी सांगा.

तालमीतला_गडी

मृणालताई, मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून तालमीत होतो. पहाटेचा जोर-मेहनत झाली की गोठ्यावर जाऊन धारेखाली तांब्या धरायचा आणि तिथेच रिकामा करायचा, असा आमचा शिरस्ता होता. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले कितीतरी पैलवान याच दुधावर वाढले. उकळले की दुधातला कस जातो आणि ते जड होते, असे आमचे वस्ताद सांगत. जनावर निरोगी असेल, कास धुतलेली असेल आणि दूध कासेतून थेट पेल्यात येत असेल, तर त्यात जंतू येणार कुठून? सासऱ्यांना उगाच दोषी धरू नका.

वाईकर

गडीदादांशी मी सहमत आहे. त्यात गाय देशी असेल, तर तिचे दूध ए-टू असते आणि ते उकळण्याची गरज नसते, असे मी बऱ्याच ठिकाणी वाचले आहे. सगळा त्रास संकरित गाईंच्या दुधामुळे होतो.

जुना_गुरांचा_डॉक्टर

माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात झाली आणि त्यातला बराच काळ खानापूर-आटपाडी भागात गेला, म्हणून लिहितो. गडीदादांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. निरोगी जनावराच्या कासेच्या आत दूध जवळजवळ निर्जंतुक असते. अडचण सडाच्या टोकापासून सुरू होते. म्हैस रात्रभर शेणामुतात बसलेली असते, सडाच्या टोकाला सुकलेले शेण चिकटलेले असते, आणि धार काढणारा माणूस त्याच हाताने वासरू ओढून बांधतो, शेपूट बाजूला करतो आणि पुन्हा सडाला हात लावतो. कास धुतली म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बादलीतले पाणी कासेवर शिंपडलेले असते आणि ओली कास पुसलेली नसते. मग त्या पाण्याचे थेंब शेणासकट सडावरून ओघळून थेट पेल्यात उतरतात. धारेखाली पेला धरला म्हणून हा रस्ता बंद होत नाही.

दुसरी गोष्ट, जनावर निरोगी दिसणे आणि निरोगी असणे यांत फरक आहे. जुलाबाला कारण होणारे काही जंतू गाईच्या आतड्यात तिला काडीचाही त्रास न देता राहतात. ई-कोलायची जी जात माणसाच्या मुलाला रक्ती जुलाब करते, ती शेणातून टाकणारी गाय वैरण खाते, रवंथ करते आणि भरपूर दूधही देते. तिला पाहून कोणताही पशुवैद्य काही सांगू शकणार नाही, मीही नाही.

वाईकर, ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाचे प्रकार आहेत. शेणातल्या जंतूला गाईचे वाण विचारण्याची सवय नसते.

पोटाचा_पेशंट

माझा अनुभव वेगळा आहे. मी दूध चांगले तीन उकळ्या येईपर्यंत उकळतो, तरीही अर्ध्या तासात पोट गुडगुडते, फुगते आणि पातळ शौचाला होते. पिशवीचे घेतले, गवळ्याचे घेतले, गाईचे घेतले, सगळ्याने तेच होते. दह्याने मात्र काही होत नाही. म्हणजे उकळण्याचा काही उपयोग नाही, असाच याचा अर्थ झाला ना?

मिरजेची_बालवैद्य

पोटाचा_पेशंट, तुमचा त्रास संसर्गाचा वाटत नाही. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य वय वाढल्यावर अनेकांत कमी होते आणि मग असेच गुडगुडते. ती साखर उकळून नाहीशी होत नाही. दही लागताना तिचा काही भाग जंतूच खाऊन टाकतात, म्हणून दही तुम्हाला सोसते. हा विषय वेगळा आहे, त्यामुळे आपण मृणालताईंच्या मुलाकडे वळू.

त्यांनी वारांसकट हकीकत दिली आहे, म्हणून तिचा नीट विचार करता येतो. सासऱ्यांना जी त्याच रात्रीची उलटी अपेक्षित आहे, तीही दुधामुळे होते, पण ती वेगळ्या कारणाने. दुधात आधीच तयार झालेले जंतूंचे विष पोटात गेले, तर एक ते सहा तासांत उलट्या होतात आणि साधारण दिवसभरात माणूस सावरतो. रक्ती जुलाब करणारे जंतू मात्र आतड्यात जाऊन आधी वाढतात आणि मग त्रास देतात. कॅम्पिलोबॅक्टरला बहुधा दोन ते पाच दिवस लागतात आणि वर उल्लेख झालेल्या ई-कोलायला तीन-चार. रविवारी सकाळी पोटात गेलेले दूध बुधवारी बाधले, हे त्यामुळे अगदी जुळते. सोमवार-मंगळवार मूल खेळत होते, हा दूध निर्दोष असल्याचा पुरावा नाही.

पाणीपुरीलाही मी सोडून देत नाही. मंगळवारी संध्याकाळी खाऊन बुधवारी जुलाब आणि गुरुवारी रक्त, असा क्रम आमांशाच्या शिगेला जंतूतही दिसतो. औषध सुरू करण्याआधी शौचाचे कल्चर केले असते, तर काहीतरी हाती लागले असते. तेही सांगून करावे लागते, कारण त्या विशिष्ट ई-कोलायसाठी प्रयोगशाळेला वेगळे माध्यम वापरावे लागते आणि नेहमीच्या तपासणीत तो हटकून सापडेल असे नाही. आता महिन्याने दोष कोणाचा हे ठरवणे शक्य नाही, आणि मी ते ठरवणारही नाही.

विश्रामबागची_मृणाल

डॉक्टर, धन्यवाद. कल्चर झाले नव्हते हे खरे. पण मग सासऱ्यांना आणि पुतण्यांना काहीच कसे झाले नाही? घरात सगळ्यात जास्त हाच मुद्दा पुढे केला जातो.

मिरजेची_बालवैद्य

गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या माणसाच्या पोटात हे जंतू लहानपणापासून थोडेथोडे जात असतात आणि त्यातल्या काहींविरुद्ध शरीर तयार होते. पुतणे गावातच राहतात ना? तुमचा मुलगा शहरातला, चार वर्षांचा, आणि त्याला हा जंतू बहुधा पहिल्यांदा भेटला. शिवाय आजोबा आज सुखरूप आहेत म्हणून त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांना ते दूध मानवले असे म्हणता येत नाही. ज्या मुलांना ते मानवले नाही, ती आज आपल्या वादात भाग घ्यायला नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती घरी लक्षात येऊ शकते. रक्ती जुलाब थांबत आले, सगळ्यांना हायसे वाटले, आणि साधारण आठवडाभराने मूल पांढुरके, मलूल दिसू लागले, लघवी फारच कमी झाली किंवा तोंडावर सूज आली, तर एक तासही थांबू नये. त्या ई-कोलायचे विष मूत्रपिंडावर घाला घालते आणि पाच वर्षांखालील मुलांत हा धोका जास्त असतो. रक्त पडत असताना जुलाब बांधण्याची गोळी घरच्या घरी देऊ नये आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची बाटलीही काढू नये. जलसंजीवनी पाजत राहून दवाखाना गाठावा.

संकलन_केंद्रावरून

मी पलूसच्या बाजूला दूध संकलन केंद्र चालवतो. मृणालताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे, म्हणून त्यावर लिहितो.

मोठ्या डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांपर्यंत थंड करतात. घरच्या पातेल्यातले दूध वर येते तेव्हा ते ९० अंशांच्या पुढे गेलेले असते. म्हणजे जंतू मारण्यापुरते बोलायचे, तर तुमची एक उकळीसुद्धा डेअरीच्या वरताण आहे. फक्त एक खबरदारी घ्यावी. मोठ्या आचेवर आणि उभट पातेल्यात दूध तळाशी खळखळते, वरची साय वाफ अडवून धरते आणि दूध भसकन वर येते. अशा वेळी कडेचे व वरच्या थरातले दूध कमी तापलेले असू शकते. म्हणून अधूनमधून ढवळावे, वर आले की आच बारीक करावी आणि ढवळत आणखी दोन मिनिटे उकळू द्यावे. त्यापुढे आटवत बसण्याची गरज नाही.

माझ्या पाहण्यात चूक उकळण्यात क्वचितच असते, ती उकळल्यानंतर होते. एक उदाहरण सांगतो. आमच्याच एका उत्पादकाच्या घरी दूध न चुकता उकळत असत, तरी धाकट्या मुलीचे पोट वरचेवर बिघडे. एकदा सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो असताना सगळा प्रकार डोळ्यांदेखत पाहिला. वहिनींनी किटलीतले कच्चे दूध फडक्यातून पातेल्यात गाळले आणि ओगराळे त्याच दुधात बुडवून, दूध किती आहे ते पाहून ओट्यावर ठेवले. दूध उत्तम उकळले. मग तेच ओगराळे, न धुता, उकळलेल्या दुधात घालून मुलीचा पेला भरला. साय अडावी म्हणून पेल्यावर तेच ओले फडके धरले. उरलेले पाच लिटर दूध पातेल्यातच, ताट झाकून, दुपारपर्यंत ओट्यावर राहिले. उकळल्यामुळे त्या दुधातले स्पर्धक जंतू मेलेले, दूध कोमट आणि वर झाकण; फडक्यातून आलेल्या मूठभर जंतूंना याहून चांगली जागा मिळणार नाही.

त्यांनी पुढे एवढेच बदलले : कच्च्या दुधाचे माप आणि गाळणी वेगळी केली, फडक्याऐवजी स्टीलची बारीक जाळी घेतली आणि ती रोज उकळत्या पाण्यातून काढू लागल्या. उकळलेले पातेले परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवतात, पाणी एकदा बदलतात आणि तासा-दीड तासात दूध लहान भांड्यांतून फ्रीजमध्ये जाते. मुलीची तक्रार कमी झाली. ती केवळ यामुळेच कमी झाली का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण त्याच सुमारास त्यांनी पाण्याची टाकीही धुऊन घेतली होती.

कऱ्हाडची_सुमनआजी

आमच्या वेळी फ्रीज नव्हते, पण दूध सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा तापवले जाई, वर जाळीचे झाकण असे आणि सकाळच्या दुधात संध्याकाळचे कधी मिसळत नसत. सासूबाईंची तशी सक्त ताकीद होती.

मला विचारायचे आहे ते चिकाविषयी. आमच्याकडे म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक शेजारीपाजारी वाटतात. त्याचा खरवस तर करतातच, पण पौष्टिक म्हणून लहान मुलांना कच्चा चीकही बोटावर चाटवतात. हे चालते का?

जुना_गुरांचा_डॉक्टर

आजी, कच्चा चीक वासराचा आहे, त्याला तो पोटभर मिळू द्यावा आणि मुलांना चाटवू नये. विण्याच्या वेळी सगळीकडे जार, रक्त आणि स्राव असतो, आणि त्या जनावरात ब्रुसेलाचा जंतू असेल, तर तो त्याच वेळी सर्वांत जास्त बाहेर पडतो. ज्या गोठ्यात म्हशीने किंवा गाईने गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाभ टाकला असेल, तिथे तर ही शंका आधी घ्यावी. असे जनावर नंतरही दीर्घकाळ दुधातून जंतू टाकत राहते आणि दिसायला धडधाकट असते. माणसाला यातून येणारा ताप चढउतार करतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि सांधे दुखतात. दूध पिऊन तीन-चार आठवडे उलटल्यावर हे सुरू होत असल्यामुळे दुधाची आठवण कोणालाच राहत नाही. टायफॉईड म्हणून, मलेरिया म्हणून औषधे घेत हिंडणारे गोठेवाले मी पाहिले आहेत. आमच्या खात्यातल्या लोकांनाही जार काढताना तो होतो.

खरवसाचे म्हणाल, तर चीक उकळीच्या बऱ्याच आधी घट्ट होतो. बोटाला लागला नाही की झाला, असे म्हणून पुष्कळजण भांडे लगेच उतरवतात. वड्या पडण्याजोगा झाल्यानंतरही वाफ तशीच राहू द्यावी आणि पाणी खळखळू लागल्यापासून निदान वीस-पंचवीस मिनिटे धरावीत. थर जाड असेल तर आणखी थोडी.

ज्यांच्याकडे कालवडी आणि रेड्या आहेत, त्यांनी चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी. २०१९ पासून लाळ-खुरकताबरोबर हा रोगही केंद्राच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत.

तालमीतला_गडी

डॉक्टरसाहेबांचा मान राखून विचारतो. उकळल्याने दुधातला कस जात नाही, असे तुम्ही म्हणता का?

संकलन_केंद्रावरून

गडीदादा, थोडा जातो. बी गटातली काही जीवनसत्त्वे कमी होतात आणि दिवसातून चार वेळा उकळले तर आणखी कमी होतात. पण पैलवान ज्यासाठी दूध पितो ती प्रथिने, स्निग्धांश आणि कॅल्शियम जागेवरच राहतात. आमच्या यंत्रावर फॅट मोजून पाहायला कधीही या. मात्र साय ढवळून मिसळल्याशिवाय नमुना घेऊ नका, नाहीतर फॅट कमी आले म्हणून माझ्याशीच भांडाल.

चहाबाज

साय बायकोने आधीच काढलेली असेल, तर भांडण कोणाशी करायचे?

वाईकर

ए-टूचा मुद्दा मी सोडला. पण मग सगळे उकळून सुटत असेल, तर शिळे, वास मारणारे दूधही उकळून चालावे. ते का चालत नाही?

संकलन_केंद्रावरून

जंतू मरतात, पण काहींनी आधी तयार केलेले विष उकळीला दाद देत नाही. कासदाह, म्हणजे आपण दगडी म्हणतो तो आजार झालेल्या जनावराच्या दुधात स्टॅफिलोकॉकसचे जंतू पुष्कळ असतात. असे दूध उन्हात किटलीत दोन-चार तास राहिले तर विष तयार होते, आणि मग दूध उकळले काय अन् आटवून बासुंदी केली काय, उलटी व्हायची ती होतेच. बालवैद्यताईंनी सांगितलेली एक ते सहा तासांतली उलटी ती हीच. म्हणून कच्चे दूध घरी आले की आधी ते उकळावे आणि मग देवपूजा, आंघोळ आटपावी. गवळी पहाटेची धार साडेनऊला आणून देत असेल, तर त्याच्याशी वेळेवरून वाद घालणे हे उकळण्याइतकेच आवश्यक आहे. गॅसवर दूध फाटले, तर ते आंबट झाले होते एवढे कळते. पण न फाटलेले दूध निर्दोष असते असे मात्र नाही.

पोटाचा_पेशंट

पिशवीचे दूध उकळावे की नाही, हेही कोणी तरी सांगा. आमच्या इमारतीत यावरून दोन तट आहेत.

संकलन_केंद्रावरून

डेअरीतून निघाल्यापासून तुमच्या फ्रीजपर्यंत ते गार राहिले असेल, तर न उकळता चालते. पण आपल्याकडे चौकात पहाटे उतरवलेले क्रेट सात वाजेपर्यंत तसेच उघड्यावर असतात आणि पिशवी हाताला कोमट लागते. मी स्वतः एकदा उकळतो. खोक्यातले, बाहेर टिकणारे दूध मात्र फोडेपर्यंत उकळण्याची गरज नाही, आणि फोडल्यावर ते इतर दुधासारखेच नाशवंत होते.

विश्रामबागची_मृणाल

सर्वांचे आभार. हा धागा मी सासऱ्यांना वाचून दाखवला. पाणीपुरीवरचा त्यांचा संशय कायम आहे आणि डॉक्टरांनी तो खोडून काढलेला नाही, याचा त्यांना आनंद झाला. नातवापुरते दूध चुलीवर उकळून द्यायला ते तयार झाले आहेत. स्वतःचा पेला सोडणार नाहीत. आता प्रश्न पंचामृताचा. पुढच्या आठवड्यात घरी सत्यनारायण आहे आणि पंचामृतात कच्चेच दूध लागते असे गुरुजी म्हणतात.

कऱ्हाडची_सुमनआजी

आमच्या घरी उकळून गार केलेलेच घालतात आणि देवाने आजवर हरकत घेतलेली नाही. अभिषेकाला कच्चे हवे असेल, तर ते वेगळ्या भांड्यात घ्यावे आणि तीर्थात मिसळू नये.

मिरजेची_बालवैद्य

आजींचा मार्ग योग्य आहे. फक्त दहीही उकळलेल्या दुधाचेच असावे. आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते, पण कच्च्या दुधातले सगळे जंतू दही लागताना मरत नाहीत. आणि वर्षाच्या आतले बाळ घरात असेल, तर त्याच्या ओठांना पंचामृत लावू नये, कारण त्यात मध असतो आणि त्या वयात मधही धोक्याचा आहे.

तालमीतला_गडी

मी अजून पुरता पटलेलो नाही, पण एक विचारतो. माझी मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. अंगात ताकद यावी म्हणून तिची आई तिला रोज सकाळी गोठ्यातून दूध आणून तसेच देते. ती काही लहान मूल नाही, तेव्हा तिला हे चालेल ना?

मिरजेची_बालवैद्य

दादा, ते उद्या सकाळपासूनच बंद करा. लहान मुलांइतकीच काळजी गरोदरपणात घ्यावी लागते. कच्च्या दुधातून लिस्टेरिया नावाचा जंतू गेला, तर आईला जेमतेम कणकण येते आणि पोटातल्या बाळावर मात्र तो बेततो. ब्रुसेलानेही गर्भपात होऊ शकतो. दूध तेच, गोठा तोच राहू द्या, फक्त ढवळत उकळून आणि धुतलेल्या पेल्यातून द्या. कच्च्या दुधाचे पनीर किंवा त्या दुधाच्या सायीचे लोणीही नको. आजवर प्यायले आहे म्हणून घाबरून जाऊ नका, पण तिला ताप, अंगदुखी किंवा रात्री घाम येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तपासणीला न्या आणि ती कच्चे दूध घेत होती हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.